तळपायाची चामखीळ आणि कुरूप: रेषा बघा, ठिपके बघा

"आमच्याकडे तळपायाला टणक, दुखरं काही आलं की सगळे त्याला कुरूपच म्हणतात. पण डॉक्टरांनी मुलीच्या पायाला चामखीळ आहे असं सांगितलं. चामखीळ तर मानेवर लोंबते ना? मग हे नक्की काय? आणि भोवरी म्हणजे वेगळं काही का?"

भोवरीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. बऱ्याच ठिकाणी कुरूपालाच भोवरी म्हणतात, वेगळा आजार नाही.

खरा घोळ चामखीळ या शब्दात आहे. मानेवर किंवा काखेत जी मऊ, लोंबती असते तिलाही आपण चामखीळ म्हणतो आणि बोटांवर खरखरीत फुटते तिलाही, पण पहिली नुसती कातडीची वाढ असते आणि दुसरी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते. डॉक्टर मुलीच्या पायाबद्दल बोलले ती ही दुसरी. तळपायावर ती लोंबत तर नाहीच, वरही येत नाही, कारण अख्ख्या अंगाचा भार तिच्यावर पडतो आणि ती आत दाबली जाते, वरून जाड कातडीचा थर चढतो, म्हणून दिसायला अगदी कुरूपासारखी. कुरुपात विषाणूचा काही संबंध नसतो. चप्पल-बूट किंवा आतलं हाड एकाच जागी सतत घासत-दाबत राहिलं की कातडी तिथे जाड होत जाते आणि मधे एक कडक दाणा तयार होतो, तो आत टोचतो.

ओळखायचं कसं, तर तळपायाची कातडी नीट बघा, बोटांच्या ठशासारख्या बारीक समांतर रेषा असतात. कुरुपावर या रेषा बहुतेक तशाच पुढे चालू राहतात, मधल्या दाण्यापाशी फार तर पुसट होतात, कारण शेवटी ती आपलीच कातडी, फक्त जाड झालेली. चामखिळीत मात्र रेषा तिच्या कडेपाशी येऊन तुटतात, वळसा घालून जातात आणि पलीकडे परत सुरू होतात, मधला भाग खडबडीत, रेषा नसलेला. माझ्या मते घरी बघायला ही खूण सगळ्यात भरवशाची.

दुसरी खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे काळपट-तपकिरी ठिपके. लोक त्यांना मूळ म्हणतात, बी म्हणतात, पण ती मुळं नाहीत. चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांत रक्त गोठतं, त्याचे ते ठिपके. म्हणून डॉक्टर वरची कातडी ब्लेडने पातळ करत गेले की त्या जागी रक्ताचे बारीक बारीक थेंब येतात. कुरूप तासलं तर रक्त येत नाही, मधे पिवळसर, थोडा पारदर्शक दाणा दिसतो.

माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. तो हॉस्टेलला असतो, टाच आणि चवड्याच्या मधे, बाहेरच्या कडेला मसुराएवढी गाठ आली आणि सगळे म्हणाले बूट चावला असेल, कुरूप आहे. पण तिथे बूट दाबतही नाही आणि हाडाचा उंचवटाही नाही. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला, वरची मेलेली कातडी हळूच घासली, मोबाईलच्या टॉर्चवर पाहिलं तर रेषा गाठीच्या भोवतीने वळलेल्या आणि आत चार-पाच काळे ठिपके. वरून अंगठ्याने सरळ दाबलं तर फारसं दुखलं नाही, पण दोन बाजूंनी चिमटीत धरल्याबरोबर ओरडला. कुरुपाचं साधारण उलटं असतं, वरून दाबलं की कळ येते. त्वचेच्या डॉक्टरांनी तासून पाहिलं, थेंब आले, चामखीळच निघाली.

फरक पडतो तो पुढच्या उपायात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध दोन्हीला देतात, पण कुरुपाला पादत्राण बदललं नाही, दाब कमी केला नाही तर ते परत येणारच. चामखीळ संसर्गाची, ती खाजवून-कापून बाजूला पसरते, घरातल्या दुसऱ्याला होऊ शकते, म्हणून तिच्यावर वापरलेली कानस किंवा प्युमिस दगड दुसऱ्या कुणी वापरायचा नाही आणि ओल्या बाथरूममध्ये चप्पल घालायची. मुलांमध्ये ती बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआपही जाते, त्यामुळे दुखत नसेल तर काही डॉक्टर थांबायला सांगतात.

एक मात्र लक्षात ठेवा, वरचा थर फार जाड असेल तर ना रेषा दिसतात ना ठिपके, तेव्हा अंदाज बांधत बसू नका. डायबेटिस असेल, पायाला बधिरपणा असेल तर ब्लेड आणि कॉर्न कॅप दोन्हीला हात लावू नका, जखम कळतच नाही. आणि ठिपक्यांऐवजी एकच काळा डाग असेल, तो पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर कुरूप की चामखीळ हा वाद बाजूला ठेवून लगेच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तळपायावर कातडीचा कॅन्सरही असा सुरू होऊ शकतो.