इंडक्शन घेताना आधी प्लग पाहा, मग तळ, मग ब्रँड

*"साताऱ्यात राहतो, घरी चौघं. इंडक्शन १२०० वॅटचा घ्यावा की २००० चा? घरातला जुना कुकर चालेल का? आणि बिघडला तर इथेच दुरुस्त होईल अशी कंपनी कोणती?"*

वॅट किती हे दुकानात नव्हे, ओट्याजवळच्या सॉकेटवर ठरवा. १२०० वॅटचा इंडक्शन २३० व्होल्टला साधारण सव्वापाच अँपिअर ओढतो, म्हणजे नेहमीच्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर कसाबसा बसतो. २००० वॅटचा पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याला जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं आणि मागे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा अ‍ॅडॉप्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. पिनांजवळचं प्लास्टिक तपकिरी पडू लागलं की समजा, तिथे धोका सुरू झाला आहे.

फरक किती पडतो? दोन लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला २००० वॅटवर साधारण सहा मिनिटं लागतात, १२०० वर दहा. चौघांचा स्वयंपाक यावरच होणार असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या आणि १८०० ते २००० वॅटचा घ्या. गॅस संपल्यावरची सोय आणि चहा एवढंच असेल तर १२०० पुरतो.

मोठ्या आकड्याइतकंच लहान आकड्याकडेही लक्ष द्या. पॅनेलवर ३०० वॅट लिहिलेलं असलं तरी बऱ्याच स्वस्त यंत्रांत सतत मंद आच मिळत नाही. ती काही सेकंद जोरात चालतात, मग काही सेकंद पूर्ण बंद होतात. दूध आटवताना किंवा खीर करताना हे फार जाणवतं, तळाला लागतं. दुकानात पातेल्यात पाणी उकळून सर्वात खालच्या पातळीवर ठेवा. बुडबुडे थांबून पुन्हा उसळत असतील तर ते हेच.

आता कुकर. घरातलं चुंबक त्याच्या तळाच्या मधोमध आणि कडेलाही लावा. घट्ट चिकटलं तर चालेल. अ‍ॅल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ यांच्या भांड्यांवर इंडक्शन चालत नाही, आणि स्टीलच्याही काही भांड्यांना चुंबक चिकटत नाही. 'इंडक्शन बेस'च्या अ‍ॅल्युमिनियम कुकरला खाली स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. काही वर्षांनी ती फुगली, तळ काचेवर सपाट टेकेनासा झाला की भांडं मंद तापतं किंवा यंत्र ते ओळखतच नाही. तळ निदान १२ सेंटिमीटर रुंद आणि सपाट हवा, म्हणून गोल बुडाची कढई बाद. सपाट लोखंडी तवा चालतो, पण काचेखालच्या तारेच्या कॉइलच्या आकाराचं कडं आधी तापतं. तो मध्यम पातळीवर तापू द्या. रिकामा तवा २००० वॅटवर ठेवला तर वाकतो. फुलका ज्वाळेवर फुगवता येणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावा लागेल.

प्रेस्टीज, बजाज, फिलिप्स, पिजन यांची यंत्रं मोठ्या संख्येने खपतात, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त. पण ब्रँडच्या नावापेक्षा गावातलं सर्व्हिस सेंटर महत्त्वाचं. पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तुमचा पिनकोड सांगा आणि तीन गोष्टी विचारा: माणूस घरी येतो की यंत्र न्यावं लागतं, या मॉडेलचं सर्किट बोर्ड आणि काच स्वतंत्र मिळतात का, वॉरंटीत काय येत नाही. फुटलेली काच सहसा त्यात येत नाही.

टचपेक्षा बटणांचं मॉडेल घ्या, हा माझा आग्रह आहे. बटण गेलं तर त्याखालचा साधा स्विच कोणताही इलेक्ट्रॉनिक्सवाला बदलतो. टच पॅनेल गेलं की कंपनीचाच बोर्ड लागतो.

सर्वात नेहमीचा मोठा बिघाड म्हणजे आयजीबीटी शॉर्ट होणं. हा कॉइलला वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग. तो गेला की आतला फ्यूज उडतो, यंत्र पूर्ण मृत होतं. नुसता फ्यूज बदलून दिला तर तो लगेच पुन्हा उडेल. नीट काम करणारा कारागीर एसी विजेची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायरही तपासतो आणि पहिल्यांदा विजेच्या वाटेत बल्ब जोडून, म्हणजे सिरीज बल्ब लावूनच, यंत्र चालू करतो. हे विचारून घ्या. चालू होऊन थोड्या वेळाने आपोआप बंद पडत असेल तर आधी खालचा पंखा बघा, तेलकट धूळ बसून तो अडकलेला असतो.

उबेमुळे झुरळं आत शिरतात आणि बोर्डवर शॉर्ट करतात. म्हणून भिंतीपासून थोडं अंतर ठेवा, रात्री यंत्र ओट्यावरून उचलून ठेवा. स्वयंपाक झाल्यावर मात्र पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.