रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, पण लागण कधीची?

टॉक्सोप्लाझ्मा या जंतूवर पुन्हा लिहायची वेळ आली, कारण प्रश्न तेच येत आहेत. अर्धे मांजराचे, उरलेले गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ नावाच्या रक्ततपासणीचे. ज्यांना या जंतूचा खरा धोका आहे त्या एचआयव्हीच्या रुग्णांकडून मात्र जेमतेम दोन पत्रं आली. हातात आलेल्या रिपोर्टवरून परस्पर काही ठरवू नका, तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, हे सगळ्यांनाच लागू आहे.

सून दोन महिन्यांची गरोदर आहे. घरात तीन वर्षांचं मांजर आहे. शेजारणी म्हणतात, आजच लांब कुठेतरी सोडून या. सोडू का?

नका सोडू. हा जंतू मांजराच्या आतड्यात वाढतो हे खरं, पण मांजर त्याची अंडी शीमधून टाकतं ते बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर दोन-तीन आठवडे. ती लागण होते उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्यावर, म्हणजे बहुतेकदा पिल्लू शिकार करायला लागतं त्या वयात. तुमचं मांजर तीन वर्षांचं आहे. घरातच राहत असेल आणि शिजवलेलं खात असेल तर त्याच्यापासून धोका फारच कमी.

दुसरी गोष्ट, ताज्या शीतली अंडी लगेच रोग देत नाहीत. ती पिकायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून मांजराचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला की निम्मं काम झालं. ते सुनेनं करू नये, मुलानं करावं. कोणीच नसेल तर तिनं हातमोजे घालावेत आणि नंतर साबणानं हात धुवावेत. ट्रेमध्ये फिनेल किंवा ब्लीच ओतून समाधान मानू नका. या अंड्यांवर त्याचा भरवसा नाही, उकळतं पाणी ओता. मांजराचं रक्त तपासून आणण्याचाही सल्ला कोणी दिला असेल, तर ते पैसे वाचवा. त्या रिपोर्टवरून मांजर आज अंडी टाकतंय की नाही हे कळत नाही.

मांजर रात्री पायाशी झोपतं. केस पोटात गेले तर होईल का?

केसांनी होत नाही. विष्ठा पोटात जावी लागते, तीही शिळी.

आमच्याकडे रविवारी मटण असतंच. सातवा महिना आहे, बंद करावं का?

बंद नाही, नीट शिजवा. बकरी, मेंढी, डुक्कर यांच्या मांसात या जंतूच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी असतात. मांसाच्या आतपर्यंत ६७ अंश सेल्सियस उष्णता पोचली की त्या मरतात. कुकरला चार शिट्ट्या दिलेलं मटण त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, त्यामुळे आपल्या रश्शाची मला काळजी नाही. काळजी आहे ती रश्शाच्या आधीची. खिम्याचे कबाब वळताना मीठ-मसाला बरोबर पडला का म्हणून कच्चा खिमा जिभेवर ठेवणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, त्यांत माझी सख्खी मावशी. मग ज्या पाटावर मटण चिरलं त्याच पाटावर, नुसता ओला फडका फिरवून, कोशिंबिरीची काकडी. शेगडीवरचा कबाब बाहेरून करपलेला असतो आणि मोडून पाहिला तर मधे गुलाबी. गोव्याकडच्यांनी डुकराच्या चोरीसचंही लक्षात ठेवावं. मीठ, व्हिनेगर आणि धूर लागला म्हणजे ते शिजलं असं नाही. डीप फ्रीझरमध्ये उणे १२ अंशांखाली काही दिवस ठेवलेल्या मांसातल्या गाठी बहुतेक मरतात, पण दिवसातून चारदा दिवे जाणाऱ्या गावात त्यावर विसंबू नका.

शाकाहारी आहोत म्हणून सुटलो, असंही नाही. मांजराच्या शीतली अंडी ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकतात. कोथिंबीर आणि पालेभाजी वाहत्या पाण्यात धुवा. बिल्डिंगच्या कामासाठी रस्त्यावर ओतलेल्या वाळूच्या ढिगात गल्लीतली सगळी मांजरं जातात, तिथे खेळून आलेल्या पोराचे हात धुऊन मगच त्याच्या हातचा घास खा.

दहावा आठवडा. टॉर्चमध्ये टॉक्सोचं आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह. ओळखीच्या लॅबवाल्यांनी सांगितलं, बाळात दोष येणार, पाडून टाका. दोन वर्षांपूर्वी एकदा गर्भ पडला होता, तोही यामुळेच का?

लॅबवाल्याने हे सांगितलं असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आता सविस्तर सांगते, कारण असं पत्र दर महिन्याला येतं आणि काही वेळा उशिरा येतं.

गरोदरपणात बाळाला धोका असतो तो आईला पहिल्यांदाच, याच गरोदरपणात किंवा दिवस राहण्याच्या जरा आधी लागण झाली तर. जंतू रक्तात फिरत असतो आणि वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. लागण जुनी असेल तर तो आईच्या स्नायूंत आणि मेंदूत गाठी करून निपचित पडलेला असतो आणि तिची प्रतिकारशक्ती त्याला हलू देत नाही. बाळाच्या दृष्टीनं ती जवळजवळ ढालच.

आयजीजी म्हणजे शरीरानं हा जंतू कधीतरी पाहिला आहे, बस. आयजीएम हे ताज्या लागणीत वाढतं, पण उतरायला काही जणींत महिने लागतात, काहींत वर्षही उलटतं. काही किट तर नसलेलं आयजीएम दाखवतात. म्हणून नुसतं ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ म्हणजे ताजी लागण नव्हे. पुढची पायरी अ‍ॅव्हिडिटीची. आयजीजी जंतूला किती घट्ट चिकटतं ते त्यात मोजतात. चिकट कच्ची असेल तर लागण नवी असू शकते (असतेच असं नाही, कच्ची चिकट कधीकधी महिनोन्‌महिने तशीच राहते). चिकट पक्की असेल तर किटनुसार गेल्या तीन-चार महिन्यांत लागण झालेली नाही.

हिशेब कसा करतात ते पाहा. गेल्या पावसाळ्यात एक २६ वर्षांच्या बाई आल्या, ११ वा आठवडा, तुमच्यासारखाच रिपोर्ट, लाल अक्षरांत. नवरा गर्भपाताची तारीख घेऊनच आला होता. मी रक्त दुसऱ्या चांगल्या प्रयोगशाळेत पाठवलं. अ‍ॅव्हिडिटी पक्की आली, त्या किटची मर्यादा चार महिने, म्हणजे साधारण १७ आठवडे. गर्भाचे ११ आठवडे पाळीपासून मोजतात, प्रत्यक्ष दिवस राहून नऊच झालेले. म्हणजे लागण दिवस राहण्याच्या निदान आठ आठवडे आधीची. तारीख रद्द केली, औषधही दिलं नाही. हाच रिपोर्ट त्यांनी २६ व्या आठवड्यात आणला असता तर मला काहीच सांगता आलं नसतं. तेव्हा पक्क्या चिकटीचा अर्थ एवढाच झाला असता की लागण चार महिन्यांपूर्वीची, आणि चार महिन्यांपूर्वी त्या गरोदरच होत्या. म्हणून अ‍ॅव्हिडिटी करायची तर लवकर. ‘पुढच्या भेटीत बघू’ या वाक्याची मला चीड आहे ती याचसाठी.

आणि लागण खरोखर नवी निघाली तरी तो गर्भपाताचा हुकूम नसतो. पहिल्या तिमाहीत ती बाळापर्यंत पोचते शंभरात साधारण दहा-पंधरा वेळा, पण पोचली तर मेंदू आणि डोळ्यांना मोठी इजा करते. शेवटच्या तिमाहीत निम्म्याहून जास्त वेळा पोचते, पण बाळ जन्मतः बहुतेकदा ठणठणीत दिसतं आणि डोळ्यांचा त्रास काही वर्षांनी उघडा पडतो. सुरुवातीला स्पायरामायसिन देतात, ते जंतूला वारेतच अडवण्यासाठी. १८ आठवड्यांनंतर आणि लागणीला निदान चार आठवडे झाल्यावर गर्भजलाची पीसीआर करून बाळापर्यंत जंतू गेला का ते पाहतात. गेला असेल तर औषध बदलतं, आणि पायरिमेथामिन हे त्यातलं एक औषध पहिल्या तिमाहीत देत नाहीत. मेडिकलवाल्याला विचारून घेण्यातली ही औषधं नव्हेत.

मागच्या गर्भपाताचं म्हणाल, तर जुन्या लागणीनं गर्भ पुन्हा पुन्हा पडत नाही. तरीही ‘टॉर्च निघालं’ म्हणून नवरा-बायको दोघांना स्पायरामायसिनचे कोर्स दिलेले मी पाहते. नवऱ्याला कशासाठी, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही. पॅकेजमध्ये स्वस्त पडते म्हणून ही तपासणी न मागता केली जाते आणि मग तिचा लाल आकडा घर हलवतो. तुम्ही याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि अ‍ॅव्हिडिटीबद्दल विचारा. गर्भपाताचा विषय त्याआधी घरात काढूसुद्धा नका.

माझं आयजीजी, आयजीएम दोन्ही निगेटिव्ह आहे. म्हणजे आता चिंता नाही ना?

उलट. तुमच्याकडे ढाल नाही. वरचं मटणाचं आणि ट्रेचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह, गोळ्या मधेच सोडल्या होत्या. आठवडाभर डोकं दुखतंय, काल उजव्या हातातून पेला पडला. घरात मांजर कधीच नव्हतं. तरी टॉक्सो असेल का?

हे वाचाल तेव्हा भाऊ रुग्णालयात असावा. नसेल तर वाचन थांबवा आणि आधी त्याला घेऊन जा.

इथे हिशेब उलटा होतो. गरोदर बाईला जुनी लागण तारते, एचआयव्हीच्या रुग्णाला तीच मारू शकते. लहानपणी कधीतरी मटणातून किंवा भाजीतून जंतू आत गेला, मेंदूत गाठ करून पडून राहिला. प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी १०० च्या खाली गेल्या की पहारा उठतो आणि गाठ फुटते. म्हणून आज घरात मांजर आहे की नाही याला महत्त्व नाही. डोकेदुखी, ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटका येणं, वागण्यात बदल, अशी चिन्हं दिसतात. एमआरआयमध्ये कडेला उजळलेल्या, अंगठीसारख्या गाठी दिसतात, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त. आपल्याकडे टीबीच्या गाठीही हुबेहूब अशाच दिसतात, ही खरी अडचण. म्हणून आयजीजी पाहतात. ते निगेटिव्ह असेल तर टॉक्सो असण्याची शक्यता बरीच कमी होते. संशय भक्कम असेल तर निदानाची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि दोन आठवड्यांत रुग्ण सुधारतो का, गाठी आटतात का ते बघतात. नाही सुधारला तर टीबी, लिम्फोमा नावाचा कॅन्सर यांचा शोध घ्यावा लागतो, कधी मेंदूतला तुकडाही काढावा लागतो. वेळेवर औषध मिळालं तर हातातून पेला पडणारा माणूस पुन्हा लिहिताना मी पाहिला आहे. पित्ताची गोळी, मग चष्म्याचा नंबर, मग देवऋषी, असं करत तिसऱ्या आठवड्यात आलेलेही पाहिले आहेत.

याच कारणासाठी, सीडी४ फार उतरलेली एचआयव्हीबाधित बाई गरोदर असेल तर तिच्या जुन्या लागणीलाही मी निरुपद्रवी म्हणणार नाही. ती जागी होऊन बाळापर्यंत जाऊ शकते. तिच्या डॉक्टरांनी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राशी बोललंच पाहिजे.

एआरटीबरोबर रोज सल्फाची एक मोठी गोळी देतात. आता सीडी४ वाढलंय आणि बरंही वाटतंय. बंद करू का?

मनानं नाही. ती कोट्रायमोक्साझोलची गोळी टॉक्सोलाही अडवते आणि एका प्रकारच्या न्यूमोनियालाही. सीडी४ एकदा वाढून भागत नाही, वाढून टिकावं लागतं, आणि ते टिकलंय हे पुन्हा मोजून केंद्रातले डॉक्टर ठरवतात. अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रात जा, गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन.