भापा दोईला पाणी सुटू नये आणि वरचा थर चिवट होऊ नये म्हणून काय करावं?

प्रश्न: भापा दोई या बंगाली गोड दह्यासाठी कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा आणि तेवढंच घरचं दही एकत्र करून मोठ्या काचेच्या भांड्यात ओटीजीला १८० वर ४० मिनिटं ठेवलं. वर पाणी साचलं आणि वरचा थर रबरासारखा झाला. मऊसूत कसं होईल? वाफवलं तर चालेल का?

उत्तर:

१८० अंश हे केकचं तापमान आहे, दह्याला ते सोसत नाही. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची नाजूक जाळी आणि तिच्यात अडकलेलं पाणी. बेताची उष्णता मिळाली की जाळी घट्ट धरते. जास्त झाली की ती आकसते आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं. वरचा भाग तर उघडा, शिवाय ओटीजीच्या वरच्या कॉइलजवळ. तिथलं पाणी आधीच उडून जातं आणि मागे चिवट पापुद्रा उरतो. मोठ्या भांड्यात हे आणखी वाढतं, कारण मधलं दोई घट्ट होईपर्यंत कडा केव्हाच जास्त शिजलेल्या असतात.

तेव्हा आधी दही बघा. घरचं दही तसंच वापरलं तर त्यातलं मोकळं पाणी कुठे ना कुठे दिसणारच. म्हशीच्या सायीच्या दुधाचं ताजं, गोड दही सुमारे पाऊण किलो घ्या आणि मलमलच्या कपड्यात बांधून, खाली पातेलं ठेवून, फ्रिजमध्येच दोन-तीन तास टांगा. आपल्या बडोद्यात उन्हाळ्यात बाहेर टांगलं की दही बघता बघता आंबतं, आणि आंबट दही गरम झालं की कणीदार होऊन लवकर फाटतं. साधारण ४०० ग्रॅम मऊ चक्का उरला, चमच्यातून सावकाश घसरतोय, की थांबा. श्रीखंडाइतका कोरडा नको. डेअरीतून तयार मस्को, म्हणजे चक्का, आणलात तर तो बहुधा कोरडा असतो. आधी चाखून बघा. आंबट असेल तर श्रीखंडालाच ठेवा, गोड असेल तर थोडं दूध घालून सैल करा.

चक्का आधी एकटाच चमच्याने घोटून गुठळ्या मोडा. मग कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा आणि अर्धी वाटी सायीचं दूध घाला. मिक्सर किंवा बीटर अजिबात नको. त्याने हवा भरते, बुडबुडे वर येतात आणि थर जाळीदार होतो. मिश्रण गाळणीतून गाळा, दहा मिनिटं ठेवा, वर आलेले बुडबुडे चमच्याने फोडा आणि छोट्या वाट्यांत ओता.

आता भाजणं. ओव्हन १५० अंशांवर आधी तापवून घ्या. खोलगट ट्रेमध्ये जाड फडकं अंथरून वाट्या ठेवा, त्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता आणि प्रत्येक वाटीवर फॉइल घट्ट लावा. पाण्यामुळे वाटीच्या बाजू एकदम तापत नाहीत आणि फॉइलमुळे वरचा थर सुकत नाही. पंचवीस मिनिटांनी एक वाटी हलकेच हलवा. कडा धरलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरतोय, असं दिसलं की बंद करा. सगळं मिश्रण लाटेसारखं हललं तर आणखी पाच मिनिटं द्या. सुरी खुपसून ती कोरडी निघण्याची वाट पाहू नका. तोवर दोई जास्त शिजलेलं असतं. मधला भाग अंगच्या उष्णतेनेच धरतो. ओव्हनचं दार किंचित उघडून वाट्या दहा मिनिटं आतच राहू द्या.

वाफवलं तर नक्की चालेल, मूळ बंगाली भापा दोई वाफेवरचंच असतं. फक्त तिथे पाणी दोन जागांहून येतं, आणि ते ओळखता आलं पाहिजे. पृष्ठभागावर ठिपक्यांसारखे खड्डे आणि त्यांत स्वच्छ, बेचव पाणी असेल तर ते झाकणावरून पडलेलं आहे. दही फाटलेलं नाही. झाकणाला आतून फडकं बांधा आणि वाट्यांवर फॉइल लावा, प्रश्न मिटला. पाणी हिरवट-पिवळं असेल, कडेने सुटलेलं असेल आणि चमचा घातल्यावर आत भोकं दिसत असतील, तर आच जास्त झाली. ढोकळ्याला लागते तशी खळखळती वाफ इथे नको. कुकरची शिट्टी काढून टाका, पाणी नुसतं थरथरत राहील इतका गॅस बारीक करा आणि वीस मिनिटांपासून बघायला लागा.

गरम दोई सैल वाटेल, पण त्याला पुन्हा आचेवर चढवू नका. वाट्या खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा, तिथेच ते नीट आळतं. केशर-वेलची मिश्रणात घाला, पण पिस्ते आणि फळं वाढताना. आंब्याच्या फोडी आधीच वर ठेवल्या तर साखरेने त्यांना पाणी सुटतं आणि दोष दोईवर येतो. उरलेल्या वाटीत चमचा घातलेला असेल तर दुसऱ्या दिवशी खड्ड्यात थोडं पाणी दिसेलच. ते सगळ्याच दह्याला सुटतं, ओतून टाका.