लिंक्डइनवर क्लायंटला रिक्वेस्टसोबत काय लिहायचं?

प्रश्न: मी सांगलीत पॅकेजिंग डिझाइन करतो. बेदाणेवाल्यांना लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवताना काय लिहू, म्हणजे ते बोलतील?

रिक्वेस्टसोबतच्या नोटमध्ये त्यांच्याच एखाद्या पोस्टबद्दल एकच प्रश्न विचारा, जो त्यांना चटकन सांगता येईल, आणि रेट, पोर्टफोलिओ, 'कॉल करूया का' हे काहीच टाकू नका. मी याच पद्धतीने कामं मिळवतो, म्हणून सांगतोय. उदाहरणार्थ:

"नमस्कार सर, बेदाण्याच्या नव्या पाऊचची पोस्ट पाहिली. झिपलॉक दुकानदारांनी मागितलं की घरगुती गिऱ्हाइकांनी? मी सांगलीत पॅकेजिंग डिझाइन करतो."

उत्तर त्यांच्या तोंडावरच असतं, म्हणून रिप्लाय येतो, आणि तुमची ओळख शेवटी एका ओळीत येते ते बरं, कारण ती लपवली तर पुढं कामाचं बोलताना समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. फ्री अकाउंटला नोटसाठी २०० अक्षरंच मिळतात आणि काना-मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीत जागा पटकन भरते. रिप्लाय आला की लगेच कोटेशन पाठवू नका, त्यातलाच धागा धरून अजून एक प्रश्न विचारा. फक्त ज्यांच्या प्रोफाइलवर वर्षभरात काही पोस्टच नाही त्यांच्यावर नोट खर्च करू नका, फ्रीमध्ये महिन्याला मोजक्याच मिळतात, अशांना सरळ फोन केलेला चालतो.