‘उष्णता वाया गेली’ हे वाक्य किती अंश सेल्सियसचं?

प्रश्न : १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही ५० मिलि घेऊन उदासिनीकरणाची उष्णता काढली. ४८.५ किलोज्यूल प्रति मोल आली, पुस्तकात ५७.३ आहे. चर्चेत ‘परिसराकडे उष्णता वाया गेल्यामुळे’ असं लिहिलं तर सरांनी खाली ‘किती?’ एवढंच लिहून जर्नल परत केलं. आता काय लिहू? (बी.एस्सी. प्रथम वर्ष)

सरांचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही सोबत पाठवलेल्या तक्त्यातच आहे. सुरुवातीचं तापमान २७.४, चौथ्या मिनिटाला द्रावणं मिसळली, पाचव्या मिनिटाला सर्वांत मोठं वाचन ३३.२ आणि तिथून पुढे दर मिनिटाला साधारण ०.२ ची घसरण. तुम्ही वाढ ५.८ धरलीत. पण तापमापीला चढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भांडं निवू लागलेलं असतं, म्हणून खरं शिखर कुणालाच वाचता येत नाही. ते आलेखावरून काढायचं. पाचव्या ते दहाव्या मिनिटापर्यंतची उतरती रेषा पट्टीने मागे, चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. ती ३३.४ ला पोचते. म्हणजे वाढ ६.० आणि परिसराकडे गेलेली उष्णता ०.२ अंशाची.

या दुरुस्तीने उत्तर ४८.५ वरून ५०.२ होतं. तफावत जवळपास ९ किलोज्यूलची होती, त्यातले पावणेदोनसुद्धा भरून निघाले नाहीत. तुमचं वाक्य खोटं नव्हतं, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं चूक होतं.

मोठा वाटेकरी भांडं आहे. तुम्ही थर्माकोलच्या खोक्यात काचेचं चंचुपात्र ठेवलं होतं. ओली झालेली काच अंदाजे ५५ ग्रॅम धरा. काचेची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८४, म्हणजे दर अंशाला ४६ ज्यूल काचेनेच घेतले. ही उष्णता परिसराकडे गेलेली नाही, ती खोक्यातच आहे, फक्त हिशेबात नाही. चर्चेत या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. पहिली आलेखाच्या उतारावरून मोजतात, दुसरी भांड्याच्या उष्माधारकतेवरून. बाहेरून कितीही कापूस गुंडाळला तरी दुसरी कमी होत नाही.

द्रावणाचे ४१० आणि भांड्याचे ४६ मिळून दर अंशाला ४५६ ज्यूल (४१० का, ते पुढच्या उत्तरात). सहा अंशांना २७३६ ज्यूल, भागिले ०.०५ मोल, म्हणजे ५४.७ किलोज्यूल.

उरलेल्या फरकासाठी आधी सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली बघा. त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे वजन करून बनवलेलं ‘१ मोलर’ द्रावण प्रत्यक्षात ०.९६ असू शकतं. तसं असेल तर ०.०५ नव्हे, ०.०४८ मोलने भागायचं आणि उत्तर ५७.० येतं. मात्र हा ०.९६ मी उदाहरणादाखल घेतला आहे. अनुमापन करून स्वतःचा आकडा काढल्याशिवाय तो जर्नलमध्ये लिहू नका.

प्रश्न : द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकी, ४.१८ धरायची असं पुस्तिकेत आहे. मी जास्त अचूकतेसाठी मिश्रण तोलून १०१.८ ग्रॅम घेतले, १०० नाही. बरोबर ना?

हेतू चांगला, परिणाम उलटा. मिसळल्यावर भांड्यात पाणी नाही, सुमारे ०.५ मोलर मिठाचं द्रावण आहे. मिठामुळे दोन गोष्टी होतात. घनता वाढून १.०१८ च्या आसपास जाते आणि दर ग्रॅमची उष्माधारकता घटून सुमारे ४.०३ होते. खरा गुणाकार १०१.८ गुणिले ४.०३, म्हणजे ४१०.

पुस्तिकेप्रमाणे १०० गुणिले ४.१८ केलं तर ४१८ येतात, दोन टक्के जास्त. त्यात दोन चुका एकमेकींना अर्धवट खोडतात. तुम्ही त्यातली एकच सुधारलीत, म्हणून ४२६ झाले, चूक दुप्पट! एकतर दोन्ही आकडे पाण्याचे घ्या, नाहीतर दोन्ही द्रावणाचे.

आणि हे गृहीतक उत्तर वाढवतं. त्यामुळे उत्तर कमी आलं असताना ‘विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकी धरल्यामुळे’ असं कारण देता येत नाही. जर्नल तपासताना हे वाक्य मला इतक्यांदा दिसतं की एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं अशी शंका येते.

प्रश्न : गरम-थंड पाणी मिसळून भांड्याची उष्माधारकता काढली, ती उणे ३८ आली! प्रयोग पुन्हा करावा लागेल का?

बहुधा नाही. तुमची वाचनं अशी : थंड ५० ग्रॅम २७.४ ला, गरम ५० ग्रॅम ४५.४ ला, मिश्रण ३७.३. भांड्याने काहीच घेतलं-दिलं नसतं तर मिश्रण बरोबर मध्यावर, ३६.४ ला आलं असतं. तुमचं त्याहून वर आहे, म्हणजे भांड्याने उष्णता दिली. याचा सरळ अर्थ, तुम्ही गरम पाणी आधी भांड्यात घेतलंत आणि थंड त्यात ओतलंत. सूत्र मात्र भांडं थंड बाजूला आहे असं धरून चालतं.

भांडं गरम बाजूला ठेवून पुन्हा मांडा. थंड पाण्याने मिळवले २०९ गुणिले ९.९, म्हणजे २०६९ ज्यूल. गरम पाण्याने दिले २०९ गुणिले ८.१, म्हणजे १६९३. उरलेले ३७६ भांड्याने ८.१ अंश निवताना दिले, म्हणून दर अंशाला ४६.

पण हा आकडा फार नाजूक असतो. मिश्रणाच्या तापमानात ०.१ अंशाची चूक झाली तरी तो पाच-सहा ज्यूलनी हलतो. म्हणून इथेही आलेख मागे वाढवूनच मिश्रणाचं तापमान घ्या आणि गरम पाण्याचं वाचन ओतण्याच्या अगदी क्षणापूर्वीचं असू द्या. तीन वेळा करून सरासरी काढली तर बरं.

प्रश्न : आमच्या गटाचं उत्तर ६६ आलं. मैत्रिणीने तरीही ‘उष्णता वाया गेली’ लिहिलंय.

मैत्रिणीला थांबवा! उष्मादायी अभिक्रियेत उष्णता बाहेर गेली तर उत्तर कमी येतं, वाढत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड त्याच दिवशी विरघळवलं होतं का? विरघळताना ते चांगलंच तापतं. ते ३० अंशांवर असताना तुम्ही फक्त आम्लाचं २७.४ हेच सुरुवातीचं तापमान धरलं असेल, तर वाढीत १.३ अंश फुकटचे आले. समान आकारमानांना सुरुवात दोन्हींच्या सरासरीपासून, २८.७ पासून धरायची.

प्रश्न : एका पुस्तकात ५७.३ आहे, दुसऱ्यात ५५.८. तुलना कशाशी करू?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, तापमान वेगळं आहे. ही उष्णता तापमान वाढलं की दर अंशाला सुमारे ०.२ किलोज्यूलने घटते. ५७.३ (जुना १३.७ किलोकॅलरी) हा १८ अंशांच्या आसपासचा, ५५.८ हा २५ अंशांचा. शिवाय दोन्ही अतिविरल द्रावणांचे आहेत, तुमचं द्रावण तसं नाही. आपल्याकडची प्रयोगशाळा २७-२८ अंशांवर असते, तेव्हा ५५.८ जवळचा. कुठला आकडा घेतला आणि तो किती तापमानाचा, हे टक्केवारीच्या ओळीतच लिहा.