इरकल साडीला फॉल-पिको घरी करताना

प्रश्न: नवीन सुती इरकल घेतली आहे. फॉल-पिको घरीच करायचे आहे. आधीच्या साडीचे काठ पहिल्या धुण्यानंतर चुणले होते, तसे होऊ नये म्हणून काय करावे?

काठ चुणतात ते बहुतेक वेळा फॉल आटल्यामुळे. मीही एकदा कोरा फॉल तसाच शिवला होता आणि पहिल्या धुण्यातच साडीचा खालचा काठ आत ओढला जाऊन निऱ्या कधी नीट पडल्याच नाहीत. तेव्हापासून सुती फॉल मी रात्रभर साध्या पाण्यात भिजवते आणि न पिळता सावलीत वाळवून इस्त्री करते. सुती साडीही आटते, म्हणून तीही एकदा थंड पाण्यातून काढावी. मात्र इरकलीचा रंग पहिल्या पाण्यात जाण्याचा संभव असल्याने तिचे पाणी वेगळे ठेवावे. ब्लाउजचे कापड साडीलाच जोडून आले असेल, तर ते वाळल्यावर कापावे आणि मगच त्या टोकाला पिको करावा. घरच्या मशीनवर बारीक झिगझॅग टाका असेल तर टोक अगदी अरुंद दुमडून तो मारता येतो. पदराला गोंडे असतील तर त्या बाजूला पिकोची गरज नाही.

मॅचिंगमध्ये चूक होते ती अशी, की आपण साडीच्या अंगाचा रंग दाखवतो, पण फॉल लागतो काठाला. अंग हिरवे आणि काठ मरून असेल तर फॉल मरून घ्यावा, दोराही मरूनच, कारण टाका सुलट बाजूने काठावरच दिसतो. रंग दुकानाबाहेर उजेडात पाहावा. परकर मात्र अंगाच्या रंगाचा असावा.

साडी एकदा नेसून पाहा आणि खालच्या काठाला आतून दोऱ्याची खूण करा, म्हणजे फॉल भलत्याच काठाला लागणार नाही. फॉल साधारण अडीच मीटर लांब असतो. माझा पहिला वेढा सुमारे एक मीटरचा होतो आणि पंचवीस सेंटीमीटर कापडाची एक अशा सहा निऱ्यांना दीड मीटर जाते, म्हणून खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून मी फॉल सुरू करते. तुमचा वेढा मोठा असेल तर थोडे पुढून सुरू करावे, नाहीतर शेवटची निरी फॉलवाचून राहते.

साडी जमिनीवर सपाट पसरून फॉल काठाच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत ठेवावा, म्हणजे तो बाहेर डोकावत नाही, आणि वीत-वीत अंतरावर टाचण्या लावाव्यात. खालची कड मशीनने चालेल, परंतु वरची कड हातानेच हेमिंगने, साडीचे एक-दोन धागे उचलत, शिवावी. दोरा ओढून घट्ट करू नये आणि फॉल ताणू नये. दर हातभर शिवल्यावर साडी उचलून काठ लोंबता धरा. तो सरळ न पडता वर वळत असेल, तर तेवढेच टाके उसवून पुन्हा घाला.