एडिटरला विनामोबदला मदत मागताना ईमेलमध्ये काय लिहावं?

प्रश्न: मी एका संस्थेची स्वयंसेवक आहे. देणगीच्या आवाहनाचा व्हिडिओ फुकट एडिट करून द्याल का, असं एका अनोळखी एडिटरला ईमेलने विचारायचंय. कसं लिहू?

उत्तर: पैसे देता येणार नाहीत, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगा. ते शेवटी कळलं तर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. संस्थेची ओळख दोन ओळींत आटपा, कारण आपले किती तास जाणार, हे एडिटरला आधी कळायला हवं असतं.

ते तास तयार व्हिडिओच्या लांबीपेक्षा कच्च्या फुटेजवर जास्त अवलंबून असतात. दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी सहा तासांचं फुटेज पाठवलंत, तर ते सगळं कुणीतरी बघावंच लागतं. ती निवड तुम्ही करा. क्लिपचं नाव, कुठल्या मिनिटापासून कुठवर, आणि कोण काय बोलतंय, एवढी यादी पुरते. मग ईमेल असा होतो:

"नमस्कार. आमच्या संस्थेच्या देणगी आवाहनासाठी ९० सेकंदांचा व्हिडिओ एडिट करून हवा आहे. आम्ही मानधन देऊ शकत नाही, म्हणून आधीच विचारते. निवडलेलं फुटेज २० मिनिटांचं आहे, दोन मुलाखती आणि कामाची दृश्यं. संहिता तयार आहे. आडवा व्हिडिओ आणि मराठी सबटायटल्स हवीत. सबटायटल्सचा मजकूर आम्ही टाइप करून देऊ. बदल दोनदाच सुचवू, तेही एकत्र लिहून. अंतिम मंजुरी एकच व्यक्ती देईल. व्हिडिओ चार आठवड्यांनी हवा आहे. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

यातलं बदलांचं वाक्य गाळू नका. फुकटची कामं बहुतेक तिथेच फिसकटतात: पहिला कट समितीतल्या पाच जणांकडे जातो, पाचही जण वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सुचवतात आणि एडिटर हळूहळू उत्तरं देणं बंद करतो. उभा व्हिडिओही लागणार असेल तर आत्ताच सांगा. फ्रेमच्या कडेला बसलेला माणूस नुसत्या कापाकापीत अर्धा जातो, म्हणून प्रत्येक शॉट नव्याने बसवावा लागतो.

होकार आला की मूळ फाइल्स ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते, मोठ्या पडद्यावर ती फुटते. संगीत परवाना असलेलंच घ्या. नाहीतर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊन व्हिडिओ अडकू शकतो. कॅमेऱ्यासमोर बोललेल्यांची, आणि मुलं असतील तर पालकांची, लेखी संमती ईमेल पाठवण्याआधीच घेऊन ठेवा. एडिट झाल्यावर कुणी नकार दिला तर एडिटरची सगळी मेहनत वाया जाते, आणि ती मेहनत त्याने फुकट केलेली असते.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. तेव्हा मागणी लहान करून बघा: "पूर्ण काम जमत नसेल, तर आम्ही केलेल्या कटचा फक्त आवाज नीट करून द्याल का?"